मांडतानाच उचलण्याचा विचार

फाइन डायनिंगच्या टेबलाशी पहिल्यांदाच बसलेला पाहुणा दोन्ही बाजूंना लावलेल्या सुऱ्या, काटे आणि चमचे बघून बिचकतो. आधी काय उचलायचं ते कळेना, म्हणून तो शेजाऱ्याच्या हाताकडे बघत राहतो. नियम मात्र अगदी साधा आहे. सर्वांत बाहेरचं आधी उचलायचं आणि मग एकेक करत ताटलीकडे यायचं. प्रत्येक पदार्थाबरोबर त्याची हत्यारंही उचलली जातात, आणि शेवटी टेबल जवळजवळ रिकामं होतं. टेबल लावणारा माणूस त्यामुळे मांडतानाच उचलण्याचा विचार करत असतो.

ही पद्धत फार जुनी नाही. पूर्वी युरोपातल्या बड्या मेजवान्यांत कितीतरी पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडले जात आणि ज्याला जे जवळ असेल ते तो घेई. एकामागून एक पदार्थ आणून वाढण्याची ‘रशियन पद्धत’ १८१०च्या सुमारास रशियाचे राजदूत अलेक्झांडर कुराकिन यांनी पॅरिसला आणली, असं मानतात. पुढे ती इंग्लंडात रुजली. पदार्थ क्रमाने येऊ लागले, तशी हत्यारंही क्रमाने लावणं भाग पडलं.

म्हणून टेबलाची सुरुवात मेन्यूपासून होते. समजा, सूप, मासा, मटण रोस्ट, पुडिंग आणि कॉफी असा बेत आहे. एका पाहुण्याच्या वाट्याला येणाऱ्या जागेला हॉटेलच्या भाषेत ‘कव्हर’ म्हणतात. केटरिंग कॉलेजात त्याचं माप साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल असं शिकवलं जातं. बकिंगहॅम राजवाड्यातल्या शाही मेजवानीत मात्र प्रत्येकाला ४५ सेंटिमीटरच रुंदी मिळते. ती पट्टी लावून मोजतात, आणि तेवढ्या जागेत प्रत्येकासमोर सहा ग्लास बसवतात!

आधी टेबलावर जाड, मऊ कापड अंथरतात. त्यामुळे ताटल्यांचा आवाज दबतो आणि वरची चादर सरकत नाही. मग मधोमध ताटली किंवा घडी घातलेला नॅपकिन ठेवून कव्हरचा मध्य ठरतो. त्याच्या उजवीकडे मटणाची सुरी येते, पातं ताटलीकडे वळवून. तिच्या बाहेर माशाची सुरी आणि सर्वांत बाहेर सूपचा चमचा. डावीकडे आत मटणाचा काटा, बाहेर माशाचा. सूपला काटा लागत नाही, म्हणून डावीकडे एक नग कमी. काट्यांच्याही डावीकडे ब्रेडची छोटी ताटली आणि तिच्यावर लोण्याची सुरी. पुडिंगचा चमचा आणि काटा वरच्या अंगाला आडवे ठेवतात. चमचा वर, त्याची दांडी उजवीकडे. काटा खाली, त्याची दांडी डावीकडे. या दिशा अशा का, ते जेवणाच्या शेवटी कळतं.

सगळ्या दांड्यांची खालची टोकं टेबलाच्या कडेपासून सारख्या अंतरावर हवीत, साधारण सव्वा सेंटिमीटरवर. अनुभवी कॅप्टन टेबलाच्या एका टोकाशी वाकून कडेच्या रेषेत नजर टाकतो. एक काटा जरी पुढे सरकला असला तरी तिथून लगेच दिसतो. वरून पाहिलं तर तीच चूक नजरेतून निसटते.

ग्लासांचा हिशेबही तसाच. पाण्याचा ग्लास मटणाच्या सुरीच्या टोकावर, त्याच्या उजवीकडे रेड वाइनचा आणि सर्वांत बाहेर, माशाबरोबरच्या व्हाइट वाइनचा. जो आधी लागणार आणि आधी जाणार, तो हाताशी. ग्लास पुसताना गरम पाण्याच्या वाफेवर धरून, तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसतात आणि उजेडासमोर धरून बघतात. तो मांडायचा दांडीला धरून. वरच्या भागाला बोट लागलं की ठसा उमटतो, आणि झुंबराच्या उजेडात तो ठसा आधी दिसतो. ग्लासचा वासही घ्यायला हवा. बंद कपाटाचा किंवा ओल्या फडक्याचा वास लागला असेल, तर चांगली वाइनही बिघडते.

नॅपकिनच्या घड्यांचं वेड युरोपात सतराव्या शतकापासून आहे. माथियास गीगर याने इटलीतल्या पादुआ शहरात १६२९ मध्ये घड्यांवर सचित्र पुस्तक काढलं. बकिंगहॅममध्ये आजही ‘डच बॉनेट’ नावाची टोपीसारखी घडी घालतात. हॉटेलांत नेहमी दिसते ती बिशपच्या टोपीची घडी. चौकोनी नॅपकिन अर्ध्यात दुमडून लांबट पट्टा करायचा. वरचा उजवा कोपरा खालच्या कडेच्या मध्यावर आणि खालचा डावा कोपरा वरच्या कडेच्या मध्यावर आणायचा. मग तो उलटून पुन्हा अर्ध्यात दुमडला की दोन शिखरं दिसतात. दोन्ही बाजूंची टोकं एकमेकांच्या घडीत खोचली आणि बूड गोल उघडलं, की टोपी उभी राहते. मात्र त्यासाठी कापड सुती आणि खळ घातलेलं हवं. पॉलिस्टरची घडी ढेपाळते आणि ओठ पुसले तर ओलही शोषत नाही. जितकी घडी अवघड, तितका कापडाला हात जास्त लागतो. पाहुणा ते तोंडाला लावणार असतो. म्हणून साधी सपाट घडीच उत्तम. अलीकडे बरीच चांगली रेस्टॉरंटंही तीच पसंत करतात.

आता उचलणं. टेबलावरच्या सगळ्यांचं खाणं संपल्याशिवाय एकाचीही ताटली उचलायची नाही. एकाची आधी उचलली, तर हळू खाणारा उगाच घाई करतो. उचलायचं पाहुण्याच्या उजव्या हाताने उभं राहून. सूपचा बाऊल खालच्या ताटलीसकट जातो, मग माशाची ताटली, आणि व्हाइट वाइन संपली असेल तर तिचा ग्लासही.

मटणाच्या ताटल्या उचलण्यात खरं कसब आहे. पहिली ताटली डाव्या हातात घेऊन तिच्यावरचा काटा अंगठ्याने दाबून धरतात आणि सुरी काट्याच्या कमानीखाली आडवी सरकवतात, म्हणजे काहीच घरंगळत नाही. दुसरी ताटली मनगटाच्या वर आणि उभ्या धरलेल्या शेवटच्या दोन बोटांवर टेकते. तिच्यातलं उरलंसुरलं सुरीने खालच्या ताटलीत लोटतात, तेही पाहुण्याकडे पाठ करून. टेबलावरच ताटलीवर ताटली रचणं या पद्धतीत बसत नाही.

मग ब्रेडची ताटली. ती डावीकडे असते, म्हणून तेवढी डावीकडून उचलतात. उजवीकडून गेलं तर हात पाहुण्याच्या तोंडासमोरून जातो. तिच्यामागोमाग मीठ-मिरीही जाते. त्यानंतर वेटर घडी केलेल्या कापडाने ब्रेडचा चुरा ताटलीत ओढून घेतो. डावीकडे उभा असतानाच तो पुडिंगचा काटा दांडीला धरून खाली डावीकडे आणतो, उजवीकडे येऊन चमचा खाली उजवीकडे. दांड्या आधीच त्या त्या बाजूला असल्यामुळे हात आडवा घालावा लागत नाही.

बकिंगहॅममध्ये ही सगळी हालचाल एकाच क्षणी व्हावी म्हणून वाढप्यांना रंगीत दिव्यांनी इशारा देतात. हॉटेलातल्या वेटरला असा दिवा नसतो. तो पाहुण्याच्या ताटलीकडे बघत असतो. म्हणून खाणं झाल्यावर सुरी आणि काटा ताटलीत शेजारी-शेजारी, समांतर ठेवावेत. ते एकमेकांपासून दूर, तिरके राहिले तर जेवण चालू आहे असं समजून तो थांबून राहतो, आणि त्याच्याबरोबर सगळं टेबल.