उत्तर तक्त्यात उतरताना: खुल्या प्रश्नांबद्दलचे काही गैरसमज

'घरातलं माणूस आजारी पडलं तेव्हा दवाखान्यात का नेलं नाही?' गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात आरोग्याची पाहणी करणारा कुणीही हा प्रश्न विचारतोच. समजा, उत्तर आलं: 'पर्लकोटेला पाणी होतं, आणि पुजाऱ्याने दोन-तीन दिवस थांबा म्हटलं.' लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना हेमलकशात आहे. 1973 साली सुरू झालेल्या या प्रकल्पाकडे नदीपलीकडच्या गावांतून यायचं तर पर्लकोटा ओलांडावी लागते. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की वाट बंद. म्हणजे त्या एका उत्तरात नदी आहे, श्रद्धा आहे आणि वाया गेलेले दिवसही आहेत. अशी तीनेकशे उत्तरं एक्सेलच्या शीटमध्ये उतरवून त्यांची टक्केवारी काढायची, हे संशोधन प्रकल्पातलं सर्वांत दुर्लक्षित काम. त्याबद्दलचे गैरसमज मात्र पक्के आहेत. (लेखातली उत्तरं आणि कोडिंगच्या उदाहरणातले आकडे समजावण्यासाठी तयार केलेले आहेत, जनगणनेचे आकडे खरे आहेत.)

गैरसमज: शीटमध्ये आहे ते उत्तरदात्याचं म्हणणं

वस्तुस्थिती अशी की ते पाहणी करणाऱ्याने लिहिलेलं असतं. भामरागडमधले बरेच उत्तरदाते माडियात बोलतात. माडिया ही द्राविडी कुळातली भाषा. दुभाषा ते मराठीत सांगतो, पाहणी करणारा त्याचं एक वाक्य करतो आणि संगणकावर टाइप करणारा त्या वाक्याचे कधी कधी दोनच शब्द ठेवतो. 'पूर, पुजारी' एवढं उरलं तर पुजाऱ्याने थांबायला सांगितलं की पुजाऱ्याकडेच उपचार झाले, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

हे घडलंय का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. प्रत्येक उत्तरापुढे पाहणी करणाऱ्याचा क्रमांक ठेवा. `=LEN(C2)` ने उत्तरातली अक्षरं मोजा आणि पिव्होट टेबलमध्ये प्रत्येकाची सरासरी काढा. शेजारशेजारच्या गावांत फिरलेल्या दोघांपैकी एकाची उत्तरं सरासरी सत्तर अक्षरांची आणि दुसऱ्याची बारा अक्षरांची असतील, तर फरक गावांतला नाही, लिहिणाऱ्यांतला आहे. दुसऱ्याच्या उत्तरांत पुजाऱ्याचा उल्लेख कमी सापडेल आणि निष्कर्ष निघेल की त्या गावांत पुजाऱ्याचा प्रभाव कमी. तो निष्कर्ष चुकीचा असेल. हे पहिल्या आठवड्यातच पाहायला हवं, कारण तेव्हा त्या माणसाशी बोलता येतं. पाहणी संपल्यावर काहीच दुरुस्त होत नाही.

गैरसमज: साफसफाई म्हणजे शुद्धलेखन सुधारणे

साफसफाईतल्या सर्वांत त्रासदायक चुका डोळ्यांना दिसतच नाहीत. आपल्या उदाहरणातला 'पुजाऱ्याने' हाच शब्द घ्या. त्यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून तो जोडतात, तर काही साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. तुम्ही फिल्टरमध्ये 'पुजाऱ्या' शोधता, काही ओळी मिळतात, समाधान होतं. दुसऱ्या मोबाइलवरून भरलेल्या ओळी तशाच मागे राहतात. दोन्ही रूपं एक करायची तर नव्या कॉलममध्ये हा फॉर्म्युला लिहावा:

```
=SUBSTITUTE(C2,UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. 8205 क्रमांकाचं ते अदृश्य चिन्ह नुसतं पुसून टाकलं तर 'ऱ्या'चा 'र्या' होतो आणि शब्दच बिघडतो. म्हणून तिन्ही अक्षरांच्या जागी 'ऱ'चं रूप घालायचं. गावांच्या नावांचंही असंच. 'हेमलकसा' आणि शेवटी एक मोकळी जागा असलेलं 'हेमलकसा ' ही पिव्होट टेबलमध्ये दोन गावं होऊ शकतात. `TRIM` साधी मोकळी जागा काढतं. पण वेबवरून किंवा फॉर्ममधून आलेली न तुटणारी जागा त्याला काढता येत नाही, ती आधी `SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," ")` ने बदलावी लागते. आणि शीट सीएसव्ही म्हणून जपायची असेल तर 'CSV UTF-8' हाच पर्याय निवडावा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरण्याची भीती असते.

दुसरी न दिसणारी चूक एक्सेल स्वतःहून करतं. 'किती दिवस थांबलात?' या कॉलममध्ये कुणी '2-3' लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करतं. भारतीय मांडणीत ती 2 मार्च, अमेरिकी मांडणीत 3 फेब्रुवारी. 2024 साली टाइप केलं असेल तर सेलच्या पोटात 45353 किंवा 45325 हा आकडा बसतो. सरासरी काढताच दोन-तीन दिवसांची वाट पाहणं शतकभराचं होतं. नंतर सेलची मांडणी 'Text' केली तरी '2-3' परत येत नाही, तो पाचअंकी आकडाच मजकूर म्हणून दिसतो. साधा उपाय असा. टाइप करण्यापूर्वीच तो कॉलम 'Text' करून ठेवायचा. जनुकशास्त्रज्ञांनाही याचा इतका त्रास झाला की 'MARCH1' आणि 'SEPT1' यांसारखी जनुकांची नावंच बदलून घ्यावी लागली. त्यांच्या नामकरण समितीने 2020 साली त्याचे नियमही प्रसिद्ध केले.

रिकाम्या सेलबद्दल थोडक्यात. घरात कुणी आजारीच पडलं नाही, विचारलं पण माहीत नव्हतं, आणि विचारायचंच राहिलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना वेगळी खूण द्या. 'माहीत नाही'साठी दिवसांच्या कॉलममध्ये 99 लिहायची जुनी पद्धत आहे. सरासरी काढताना ते 99 वगळायचं राहिलं तर मात्र घात होतो. आणि मूळ शीटला कधीच हात लावू नका. प्रत्येक दुरुस्ती नव्या कॉलममध्ये करा.

गैरसमज: एका उत्तराला एकच कोड

विद्यार्थी हमखास विचारतात, 'पूर आणि पुजारी दोन्ही असतील तर मुख्य कारण कोणतं धरू?' उत्तरदात्याने मुख्य कारण सांगितलेलं नसेल तर ते ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. प्रत्येक कोडला स्वतंत्र कॉलम द्यावा आणि त्यात 1 किंवा 0 लिहावं. आपल्या उत्तराला 'वाट बंद' 1, 'पुजाऱ्याचा सल्ला' 1, 'पैशाची अडचण' 0. मग टक्केवारीची बेरीज शंभराच्या वर जाते आणि मार्गदर्शक दचकतात. त्यात चूक काही नाही. प्रत्येक टक्का एकूण उत्तरदात्यांपैकी किती जणांनी ते कारण सांगितलं एवढंच सांगतो. उलट एकच कोड दिला तर पावसाळ्यात केलेल्या पाहणीत सगळं नदीवर ढकललं जातं आणि पूल झाला की प्रश्न सुटेल असा अहवाल तयार होतो.

गैरसमज: समजूतदार माणूस वाचून बरोबर कोड देतोच

गडचिरोलीतच याचं गंभीर उदाहरण आहे. शवविच्छेदनाची सोय नसलेल्या गावात मूल कशाने दगावलं हे शोधायचं तर आईवडिलांना विचारावं लागतं. ते सगळी हकिगत सांगतात आणि त्यावरून डॉक्टर मृत्यूचं कारण नोंदवतात. खुल्या उत्तराला कोड देण्याचाच हा प्रकार. ताप होता, धाप लागली, दोन दिवस जुलाबही झाले, अशी हकिगत आली तर एक डॉक्टर न्यूमोनिया लिहील आणि दुसरा अतिसार. 'सर्च' संस्थेचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1992 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत बालमृत्यूंची कारणं अशा हकिगतीवरून ठरवण्यासाठी निकष सुचवले. अनुभवी डॉक्टरांनाही निकष लिहून ठेवावे लागत असतील, तर पदव्युत्तर प्रकल्पात 'मी वाचून ठरवलं' हे कसं पुरेल?

हे लिखित निकष म्हणजे कोडबुक. पन्नासेक उत्तरं नीट वाचून त्याचा कच्चा मसुदा करावा. प्रत्येक कोडसाठी त्यात काय येतं, काय येत नाही आणि एक खरं उत्तर, एवढं लिहावं. 'पुजाऱ्याचा सल्ला' यात पुजाऱ्याने थांबायला सांगितलेलं येईल, पण 'पुजाऱ्याकडे नेलं, बरं वाटलं' हे येणार नाही. त्याला 'दुसरीकडे उपचार' हा वेगळा कोड. पुढे निकष बदलला तर आधी कोड दिलेली उत्तरं पुन्हा तपासावी लागतात. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

मग दोघांनी एकमेकांचं न पाहता तीच शंभर उत्तरं कोड करावीत. समजा, 'पुजाऱ्याचा सल्ला' हा कोड 2 उत्तरांना दोघांनीही दिला, 90 उत्तरांना दोघांनीही दिला नाही, आणि उरलेल्या 8 पैकी चार पहिल्याने एकट्याने व चार दुसऱ्याने एकट्याने कोड केली. एकमत 92 टक्के! अहवालात हा आकडा फार छान दिसतो. पण कोडच दुर्मीळ आहे, प्रत्येकाने तो शंभरात सहाच वेळा दिलाय. डोळे मिटून दिला असता तरी सुमारे 89 टक्के एकमत झालं असतं. नशिबाने मिळणारा हा वाटा वजा करणारं माप जेकब कोहेन यांनी 1960 साली मांडलं. त्याला कप्पा म्हणतात. इथे नशिबापलीकडे सुमारे 11 गुण मिळवता येत होते, मिळाले सुमारे 3, म्हणून कप्पा 0.29. साध्या भाषेत, ज्या दहा उत्तरांत कुणा ना कुणाला पुजारी दिसला, त्यांतल्या दोनांतच तो दोघांना दिसला. अशा वेळी दोघांनी बसून ती आठ उत्तरं मोठ्याने वाचावीत. बहुधा कोडबुकमधली एखादी ओळ मोघम निघते.

गैरसमज: 'इतर' हा निरुपद्रवी खाना आहे

2011 च्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना खुला होता. माणूस सांगेल ते नाव लिहायचं. देशभरातून 19,569 नावं आली. छाननीनंतर 1,369 मातृभाषा ठरल्या आणि 1,474 नावं वर्गीकरण न झाल्याने 'इतर'मध्ये गेली. माडिया-मुरियांसारख्या बोली गोंडी या मोठ्या नावाखाली मोजल्या गेल्या. एवढा पसारा आवरायचा तर एकत्रीकरण अटळ आहे. पण गोंडीच्या आकड्याखाली बोलींचे आकडे वेगळे छापलेले असल्यामुळे ते सुटे करता येतात. 'इतर'मध्ये गेलेलं नाव असं परत मिळत नाही. म्हणून कोड दोन पातळ्यांवर द्यावेत, बारीक कोड एका कॉलममध्ये आणि मोठा गट दुसऱ्यात. 'इतर' वाढायला लागलं की ती उत्तरं वेगळी काढून पुन्हा वाचावीत. आपल्या यादीत नसलेलं कारण बरेचदा तिथेच सापडतं, उदाहरणार्थ 'दवाखान्यात माझी भाषा कुणाला येत नाही'.

प्रकल्प लिहिणाऱ्यांना एक विनंती. खुल्या प्रश्नाचा तक्ता छापताना त्याखाली चार ओळींना जागा द्या: उत्तरं किती जणांची, एकाला किती कोड देता येत होते, प्रत्येक कोडचा कप्पा किती, आणि 'इतर'मध्ये किती उत्तरं उरली. कोडबुक परिशिष्टात जोडा. मार्गदर्शकांनी हे मागितलं नाही तरी जोडा.