पंधरा सेकंदांचा मरीन ड्राइव्ह

रात्रीच्या रस्त्याचे असे फोटो आता सगळ्यांनी पाहिलेले असतात. गाडी एकही नाही, नुसत्या लाल आणि पांढऱ्या रेघा वळणं घेत गेलेल्या. फोटोखाली माहिती असते, शटर १५ सेकंद. ती वाचून हौशी माणूस फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड उघडतो, शटर १५ सेकंदांवर नेतो, फोन कठड्याला टेकवतो आणि बटण दाबतो. पडद्यावर येतो तो पांढराफटक फोटो. रस्ता गेला, इमारती गेल्या, रेघाही गेल्या. मग खापर फोनवर फुटतं.

फोन बिचारा सांगितलं तेवढंच करत असतो. चूक असते ती मोठ्या कॅमेऱ्याचे आकडे फोनला जसेच्या तसे लावण्यात. मोठ्या कॅमेऱ्यात भिंगामागचं छिद्र लहान-मोठं करता येतं. रात्रीच्या रहदारीचे फोटो काढणारे ते एफ/११ इतकं बारीक करतात, संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १०० वर ठेवतात आणि मग निवांत १५ सेकंद शटर उघडं ठेवतात. बहुतेक फोनमध्ये हे छिद्र ठरलेलं असतं, मुख्य कॅमेऱ्यात एफ/१.८ च्या आसपास. आकडा लहान म्हणजे छिद्र मोठं. हिशेब मांडला तर फोनमध्ये एकाच वेळी सदतीसएक पट जास्त प्रकाश शिरतो. आयएसओ खाली ५० पर्यंत आणला, तरी अठरा-एकोणीस पट उरतोच. म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याच्या १५ सेकंदांचं काम फोन पाऊण-एक सेकंदात उरकतो. त्यापुढचं प्रत्येक सेकंद फोटो जाळतं.

मग एकच सेकंद ठेवावं, तर दुसरी अडचण. ताशी ४० किलोमीटरने जाणारी टॅक्सी एका सेकंदात ११ मीटर जाते. लांबवर वळत गेलेल्या रस्त्यावर ११ मीटरची रेघ म्हणजे नुसतं खरचटल्याची खूण. पंधरा सेकंदांत तीच टॅक्सी १६५ मीटर जाते, तेव्हा कुठे रेघेला रेघ म्हणता येतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. दिवाळीत मुलं फुलबाजी गोल फिरवतात, तेव्हा तिचा उजेड हवेत एका जागी क्षणभरच असतो आणि पुढे सरकतो. गाडीच्या दिव्याचंही तसंच. फोटोतल्या कुठल्याही एका ठिपक्यावर तो सेकंदाचा लहानसा अंशच टिकतो. त्यामुळे शटर दोन सेकंद उघडं असो की वीस, त्या ठिपक्यावर पडणारा त्या दिव्याचा उजेड तेवढाच. शटरची वेळ वाढवली की रेघ लांब होते, उजळ होत नाही. उजळत जातो तो न हलणारा रस्ता, कारण तो पूर्ण वेळ एकाच जागी उजेड सांडत असतो. रेघ फिकी किंवा भडक करायची तर आयएसओ बदलायचा, रस्ता गडद करायचा तर वेळ कमी करायची. गाडीचा सांगाडा फोटोत का दिसत नाही, याचंही उत्तर यातच आहे. तो अंधारा असतो आणि एका जागी थांबत नाही, म्हणून त्याच्यामागचा रस्ता त्याच्यावर मात करतो. तीच गाडी मध्ये दोन-चार सेकंद थांबली, तर अर्धवट भुतासारखी उमटते.

फोन बनवणाऱ्यांनी या कोंडीतून काढलेली वाट चतुर आहे. एकच लांब फोटो घेण्याऐवजी छोटे छोटे बरेच फोटो ओळीने घ्यायचे, ते एकमेकांवर ठेवायचे आणि प्रत्येक ठिपक्यावर त्यातला सगळ्यात उजळ रंग तेवढा राखायचा. दिवा जिथून जिथून गेला तिथे रेघ राहते. रस्ता मात्र प्रत्येक फोटोत सारखाच असल्याने एका फोटोइतकाच उजळ राहतो, बेरीज होत नाही. ह्युवावेने २०१५ च्या पी८ या फोनमध्ये रहदारीच्या रेघांसाठी खास मोड दिला होता. गूगलच्या पिक्सेल ६ मध्ये २०२१ साली ‘लाँग एक्स्पोजर’ आला. आता इतर अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘लाइट ट्रेल’ किंवा तत्सम नावाने अशी सोय सापडते. कॅमेऱ्याच्या ‘मोअर’मध्ये एकदा शोधून पाहावं. आयफोनमध्ये २०१७ पासून लाइव्ह फोटोला ‘लाँग एक्स्पोजर’चा परिणाम देता येतो, पण लाइव्ह फोटो जेमतेम तीन सेकंदांचा असतो. धबधब्याला तेवढं पुरतं, मरीन ड्राइव्हला नाही. आणि नाइट मोड हा यावरचा उपाय नव्हे. त्याचं लक्ष अंधार उजळण्यावर आणि हललेलं नीट करण्यावर असतं, इथे तर हललेलंच हवं असतं.

आता जागेवर जाऊ. चर्नी रोड स्थानकातून गिरगाव चौपाटीकडे जाणारा पादचारी पूल मरीन ड्राइव्हच्या वरून जातो. तिथून दक्षिणेला, नरिमन पॉइंटकडे तोंड केलं की आपल्याकडे डावीकडून गाड्या चालवायच्या पद्धतीमुळे रंगांची वाटणी आपोआप होते. डाव्या हाताला, इमारतींच्या बाजूने लांब जाणाऱ्या गाड्या लाल रेघा काढतात आणि उजवीकडे समुद्रालगत येणाऱ्या गाड्या पांढऱ्या. समोरून येणारे हेडलाइट फोनच्या भिंगात अधूनमधून हिरवट ठिपके उठवतात, म्हणून चौकटीत लाल बाजूला जास्त जागा दिलेली बरी.

वेळ दिवेलागणीची. काळ्याकुट्ट आकाशापेक्षा निळं आकाश केव्हाही चांगलं, शिवाय इमारतींच्या कडाही दिसतात. मुंबईच्या अक्षांशावर संधिप्रकाश रेंगाळत नाही, सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काम आटपतं. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, म्हणजे सव्वासहाला फोन तिपाईवर चढलेला हवा.

तिपाई आणि फोन पकडणारी चाप एवढ्यावर भागतं. मधली दांडी वर काढायची नाही, समुद्रावरचा वारा तिलाच हलवतो. तिपाई नसेल, तर किलोभर तांदळाची पिशवी सपाट कठड्यावर ठेवून तिच्यात फोन रुतवला तरी तो हलत नाही. मात्र फोनची दोरी मनगटात हवी, खाली रहदारी आहे. खरा शत्रू वेगळाच असतो. पादचारी पूल माणसं चालली की थरथरतात, लोकल सुटल्यावर लोंढा आला की जास्तच. ही थरथर दोन खांबांच्या मधोमध सर्वाधिक आणि खांबाच्या डोक्यावर सर्वांत कमी असते, म्हणून उभं राहायचं ते खांबाच्या वर.

फोनमध्ये तयार मोड असेल तर उत्तम. नसेल तर प्रो मोडमध्ये तेच काम हाताने होतं. मुख्य कॅमेरा, आयएसओ ५०, शटर एक सेकंद. दूरच्या दिव्यावर फोकस करून तो तिथेच पक्का करायचा. रंगाचं तापमानही ४००० केल्व्हिनच्या आसपास बांधून टाकायचं. ते फोनवर सोडलं तर दर फोटोत पिवळेपणा कमीजास्त होतो आणि फोटो एकमेकांवर बसत नाहीत. मग एकामागून एक वीस-तीस फोटो घ्यायचे. संगणकावर स्टारस्टॅक्स हा फुकट मिळणारा प्रोग्राम ते ‘लायटन’ पद्धतीने एकत्र करतो. मुळात तो ताऱ्यांच्या रेघांसाठी आहे, गाड्यांनाही चालतो. दोन फोटोंच्या मध्ये वेळ जातो तेवढी रेघ तुटते खरी; पण वाहत्या रस्त्यावर प्रत्येक गाडीची रेघ वेगळ्या जागी तुटते, त्यामुळे तुटलेली जागा दुसरी गाडी भरून काढते. ओसाड रस्त्यावर हा उपाय फसतो.

टायमर लागतो तो बोटामुळे. पडद्याला बोट लागलं की फोन किंचित डुलतो आणि स्थिर व्हायला सेकंदभर घेतो. दोन सेकंदांचा टायमर भक्कम तिपाईला पुरतो, लडबडणारीला पाच लागतात. दहा सेकंद मात्र इथे महागात पडतात. सिग्नल सुटला की गाड्यांचा जथा चौकटीत शिरतो आणि पाहता पाहता निघूनही जातो. दहा आकडे मोजून होईपर्यंत रस्ता रिकामा. सिग्नलची वेळ दोनदा घड्याळावर मोजून ठेवली, तर तो हिरवा होण्याआधीच टायमर सुरू करता येतो. तारेचा इअरफोन असेल, तर बऱ्याच फोनमध्ये त्याचं आवाज वाढवायचं बटण शटरचं काम करतं आणि टायमरची गरजच उरत नाही.

घरी आल्यावर फोटो मोठा करून पाहिला की काय बिघडलं ते फोटोच सांगतो. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला एकाच दिशेने एकसारखं शेपूट फुटलं असेल, तर फोन हलला. सगळ्या दिव्यांतून एकाच तिरक्या दिशेने उजेडाचे पट्टे गेले असतील, तर भिंगावर बोटाचा तेलकटपणा होता. सुती रुमालाने आधीच पुसायला हवं होतं. दिवे आणि पाट्या लख्ख, पण सगळ्या रेघा एकाच ठिकाणी उचकी लागल्यासारख्या वर उडालेल्या असतील, तर तिथे गतिरोधक किंवा खड्डा आहे, फोटो अगदी ठीक आहे. एखादीच रेघ पिवळी आणि तुटक असेल, तर ती वळणाऱ्या गाडीच्या इंडिकेटरची. इंडिकेटर सेकंदाला दीड वेळा लुकलुकतो असं धरलं, तर ताशी ४० च्या गाडीचा ठिपका दर सात-साडेसात मीटरवर पडतो. एलईडी टेललाइटची रेघ कधी बारीक मण्यांची दिसते, कारण त्याचा उजेड मंद ठेवण्यासाठी तो डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद होत असतो. आणि लाल रेघा जाड, मधून पांढुरक्या आल्या असतील, तर छिद्र मोठं असल्याने उजेड जास्त झाला आहे. शटर कमी करून इथे काही होणार नाही, हे वर आलंच आहे.

त्यावर एकच इलाज, भिंगापुढे काळी काच. फोनला चिमट्याने लागणारे एनडी फिल्टर मिळतात. एनडी८ हा प्रकाश आठपट कमी करतो, म्हणजे एक सेकंदाच्या जागी आठ सेकंद मिळतात आणि रेघांचा लाल रंगही टिकतो. गॉगलची काच धरूनही थोडंफार भागतं, पण तिच्यात दिव्यांची प्रतिबिंबं उमटतात.

खर्च करायचाच असेल, तर आधी जड तिपाई घ्यावी, मग फिल्टर. नवा फोन शेवटी. आणि रेघा जवळून याव्यात म्हणून रस्त्याच्या दुभाजकावर तिपाई लावणारे दिसतात, ते कुणीही करू नये. अंधारात काळ्या कपड्यातला माणूस गाडी चालवणाऱ्याला दिसत नाही, आणि पुलावरून किंवा पदपथावरून फोटो येतोही जास्त चांगला.