दहा-सव्वीस-सव्वीसच का?

गोदावरीच्या कालव्यावरील एका गावात बारा शेतकऱ्यांची छोटी सहकारी संस्था आहे. बियाणे आणि खते ही मंडळी एकत्रच खरेदी करतात. गव्हाच्या पेरणीपूर्वी संस्थेने आपल्या नेहमीच्या खतविक्रेत्याला एक पत्र लिहिले. त्याची प्रत आमच्याकडे आली. शाळेत संयुगे, टक्केवारी आणि गुणोत्तर-प्रमाण शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण, असे वाटल्याने नावे गाळून ते येथे देत आहोत.

"स. न. वि. वि. गव्हासाठी आपण एकरी दोन पोती १०:२६:२६ पेरणीबरोबर आणि एक पोते युरिया पहिल्या पाण्याला, असे सुचविले आहे. गेली काही वर्षे आम्ही तेच देत आलो. यंदा मातीचे नमुने तपासून घेतले. अहवालाप्रमाणे हेक्टरी उपलब्ध नत्र १९० किलो म्हणजे 'कमी', स्फुरद ११ किलो म्हणजे 'कमी' आणि पालाश ४७० किलो म्हणजे 'अत्यंत जास्त' आहे. जस्तही कमी आहे. जे जमिनीत भरपूर आहे तेच आपल्या खतात सर्वांत जास्त का, आणि जे कमी आहे ते सर्वांत कमी का, हे आम्हांस उमगत नाही. तरी हे मिश्रण कोणत्या हिशेबाने सुचविले ते कृपया कळवावे. तोपर्यंत मालाची मागणी थांबवून ठेवीत आहोत. कळावे."

पत्रातला प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर द्यायचे तर दोन वेगळ्या ठिकाणचे आकडे एकाच मापात आणावे लागतात. काही आकडे पोत्यावर छापलेले असतात, तर काही मातीच्या अहवालात.

आधी पोते पाहू. १०:२६:२६ म्हणजे शंभर किलो खतात १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद आणि २६ किलो पालाश. मात्र यातील नत्र तेवढे मूलद्रव्याच्या रूपात मोजलेले असते. स्फुरद P₂O₅ या ऑक्साइडच्या रूपात आणि पालाश K₂O या ऑक्साइडच्या रूपात मोजण्याची जुनी रीत आहे. खतात ही ऑक्साइडे प्रत्यक्षात नसतात. जुन्या रसायनशास्त्रज्ञांनी पृथक्करणाचे निकाल तसे मांडले आणि व्यापारात तीच पद्धत टिकली. फॉस्फरसच्या वजनाला २.२९ ने गुणले की P₂O₅ मिळते, पोटॅशियमच्या वजनाला १.२ ने गुणले की K₂O मिळते. अणुभार देऊन हे दोन आकडे विद्यार्थ्यांना स्वतः काढायला सांगावेत.

आता अहवाल. प्रयोगशाळेत मातीतला सगळा पोटॅशियम मोजत नाहीत. अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात माती हलवतात. अमोनियमचे आयन मातीच्या कणांवर चिकटलेल्या पोटॅशियमच्या आयनांची जागा घेतात आणि सुटून आलेला पोटॅशियम ज्वालाप्रकाशमापीवर मोजला जातो. या नमुन्यात तो दर दहा लाख भागांत २१० भाग भरला. मग हेक्टरी ४७० किलो कोठून आले? एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावरचा १५ सेंटिमीटर जाडीचा थर साधारण २२ लाख ४० हजार किलो भरतो, असे धरण्याचा संकेत आहे. म्हणून दहा लाखांतील एक भाग म्हणजे हेक्टरी २.२४ किलो आणि २१० भाग म्हणजे ४७० किलो. हा आकडा पोटॅशियम या मूलद्रव्याचा आहे, K₂O चा नव्हे. काही प्रयोगशाळा ऑक्साइडच्या रूपातही आकडा देतात, म्हणून अहवाल हाती आला की पहिल्यांदा हे पाहावे.

मात्र ४७० किलो म्हणजे बँकेतली शिल्लक नव्हे. हा एक निर्देशांक आहे. त्या आकड्यावरून जमिनीची प्रतवारी ठरते आणि प्रतवारीवरून खताची मात्रा कमीजास्त करतात. महाराष्ट्रात वापरल्या जाणाऱ्या सहा प्रतींच्या कोष्टकात हेक्टरी ३०० किलोच्या वर पालाश असेल तर 'अत्यंत जास्त' म्हणतात. दख्खनच्या खोल काळ्या जमिनी बहुधा याच प्रतीत येतात, कारण त्यांतील चिकणमातीच्या कणांवर पोटॅशियमचे आयन मोठ्या प्रमाणावर धरून ठेवले जातात.

बागायती गव्हाची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. प्रत 'कमी' आल्यास मात्रा पाव पटीने वाढवायची आणि 'अत्यंत जास्त' आल्यास निम्मी करायची, ही रूढ पद्धत. तेव्हा या जमिनीला हेक्टरी १५० नत्र, ७५ स्फुरद आणि २० पालाश हवे. अडीच एकरांचा हेक्टर धरला तर एकरी ६०, ३० आणि ८ किलो.

विक्रेत्याने सुचविलेल्या खतातून काय मिळते? दोन पोती म्हणजे १०० किलो १०:२६:२६. त्यातून १० नत्र, २६ स्फुरद, २६ पालाश. युरियाचे पोते २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोचे झाले आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून एका पोत्यात सुमारे २१ किलो. एकूण ३१, २६, २६. गरजेशी ताडून पाहा. स्फुरद जवळपास बरोबर आहे, पालाश तिपटीहून अधिक आहे आणि नत्र जेमतेम निम्मे.

संस्थेचे लक्ष जास्तीच्या पालाशवर गेले होते. आमच्या मते त्यातली मोठी गोष्ट नत्राची आहे. जादा पालाशने गव्हाचे डोळ्यांना दिसेल असे नुकसान सहसा होत नाही, पैसे वाया जातात इतकेच. नत्र निम्मे पडले तर मात्र पीक ते सांगते. खालची, जुनी पाने टोकाकडून पिवळी पडतात, कारण वनस्पती तेथले नत्र काढून वरच्या कोवळ्या पानांना पुरवते. फुटवे कमी येतात. अशा शेतात दाणा भरला नाही की पुढल्या वर्षी शेतकरी आणखी एक पोते १०:२६:२६ टाकतो आणि चूक वाढत जाते.

संस्थेच्या सचिवांनी पर्यायी हिशेबही पत्रासोबत जोडला होता. डीएपीचे (१८:४६:०) एक पोते घेतले तर ९ नत्र आणि २३ स्फुरद मिळते. उरलेल्या ७ किलो स्फुरदासाठी १६ टक्के स्फुरदाचे सिंगल सुपर फॉस्फेटचे एक पोते, त्यातून ८ किलो येते आणि शिवाय गंधक मिळते. पालाशसाठी ६० टक्क्यांचे म्युरेट ऑफ पोटॅश १३ किलो. पेरणीच्या वेळी निम्मे नत्र, म्हणजे ३० किलो द्यायचे. त्यातले ९ डीएपीतून आले, उरलेल्या २१ साठी युरियाचे एक पोते. दुसरा हप्ता २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटतात तेव्हा, पहिल्या पाण्याच्या वेळी दीड पोते युरिया. या जमिनीचा सामू ८.२ आहे. अशा जमिनीवर युरिया उघडा पडून राहिला तर त्यातले नत्र अमोनिया होऊन हवेत जाते, म्हणून खतामागोमाग पाणी हवे.

पालाश निम्मे तरी का, अजिबात का बंद करू नये, असे विद्यार्थी विचारतील. हेक्टरी ४० क्विंटल गहू आला तर दाण्यातून अंदाजे १६ किलो पोटॅशियम शेताबाहेर जातो. K₂O च्या भाषेत तो १९ किलो होतो, म्हणजे साधारण या मात्रेइतकाच. काडात त्याहून पुष्कळ जास्त असतो. काड जनावरांना घालून शेणखत शेतात परत आले तर तो परततो. काड विकले तर ही भरपाई अपुरी पडते आणि काही वर्षांनी माती पुन्हा तपासावी लागते.

विक्रेत्याचे उत्तर चार दिवसांत आले. पोती कमी, गाडीभाडे कमी आणि तिन्ही अन्नद्रव्ये एकाच दाण्यात, म्हणून लोक हेच खत मागतात, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. हे खोटे नाही. सचिवांच्या हिशेबात एकरी पावणेपाच पोती होतात, त्यांच्या हिशेबात तीन. नत्र कमी पडते हे त्यांनी मान्य केले. जस्तासाठी एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट घ्यावे, पण ते स्फुरदयुक्त खतात मिसळून देऊ नये, असेही सांगितले, कारण जस्त आणि फॉस्फेट एकत्र आले की न विरघळणारे झिंक फॉस्फेट बनते. शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला होता: "आपले सभासद बारा आहेत. अहवाल किती शेतांचे?"

प्रश्न नेमका होता. नमुने पाच शेतांतून घेतलेले होते आणि ती पाचही नदीकडची, खोल काळी. नमुने घेतले होते रीतसर. प्रत्येक शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा केला, वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती तासून घेतली, ती घमेल्यात एकत्र केली. मग चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असे करत अर्धा किलो ठेवली. बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताचा ढीग टाळला. तरीही पाच काळ्या शेतांचा आकडा बाराही सभासदांना लागू होत नाही. आणखी चौघांची शेते त्याच काळ्या पट्ट्यात होती, त्यांच्याबाबत अंदाज चालला असता. उरलेल्या तिघांची जमीन माळावर, मुरमाड आणि उथळ.

त्या तीन शेतांचे नमुने वेगळे पाठवले. नत्र आणि स्फुरद तेथेही 'कमी' निघाले. पालाश हेक्टरी १३० किलो, म्हणजे तेही 'कमी'च. तेथे पालाशची मात्रा निम्मी करायची नाही, उलट पाव पटीने वाढवायची. हेक्टरी ५०, एकरी २० किलो. या जमिनीला विक्रेत्याची दोन पोती १०:२६:२६ लावून पाहा. स्फुरद २६, हवे ३०. पालाश २६, हवे २०. हे खत माळावर चांगलेच बसते. नत्राचे मात्र १० मिळतात आणि हवे ६०. पन्नास किलोंची तूट युरियाने भरायची तर सुमारे १०९ किलो, म्हणजे अडीच पोत्यांना थोडा कमी युरिया लागतो. काळ्या शेतांनाही तो अडीच पोतीच लागत होता. माळावर फक्त दुसरा हप्ता दोनदा विभागून द्यायचे ठरले, कारण मुरमाड जमिनीतून पाण्याबरोबर नत्र लवकर खाली निघून जाते.

संस्थेने मग मागणी दोन याद्यांत पाठवली. नऊ शेतांसाठी डीएपी, सुपर फॉस्फेट आणि थोडे पोटॅश, तीन शेतांसाठी १०:२६:२६. युरियाचा आकडा दोन्ही याद्यांत एकरी अडीच पोतीच होता.