मेलचा कारभार – लेखांक ७ : मधेच आलेला माणूस

मढच्या पट्ट्यात बाळहिरडा वाळवायला उन्हाळ्याचेच दिवस. एकदा माळशेजकडून ढग उतरले की हवेतच ओल येते आणि पोत्यातल्या हिरड्याला बुरशी धरते. म्हणून आमच्या गटाला माल जूनच्या पहिल्या आठवड्यात हलवायचा होता. खरेदीदाराशी दीड महिना मेल चालू होते, एकूण ३१. शेवटी त्यांच्या गोदामाचे व्यवस्थापक मधे आले, कारण गाडी ते पाठवणार होते. मी त्यांना सीसीत घातलं आणि वर एक ओळ लिहिली, 'कृपया खालील पत्रव्यवहार पाहून योग्य ती कार्यवाही करावी.'

त्यांनी खरंच पाहिला. नवव्या मेलमध्ये '१८ पोती, सोमवारी' असं स्पष्ट लिहिलेलं सापडलं, म्हणून त्यांनी तिथेच वाचन थांबवलं. सोमवारी लहान टेम्पो मढला एसटी थांब्यावर येऊन उभा राहिला. आम्ही कुणी तिथे नव्हतो, कारण सतराव्या मेलमध्ये वार बदलून गुरुवार झाला होता आणि पोती २७ झाली होती. गाडीभाडं वाया गेलं. दोष माझाच. ३१ मेल वाचून त्यातलं रद्द काय आणि चालू काय हे ओळखायचं काम मी नवख्या माणसावर टाकलं होतं, आणि ते तर फक्त मलाच जमणारं होतं.

दुसरी चूक मला आठवड्याने कळली. व्यवस्थापकांना सीसीत घालताना मी उत्तर ज्या मेलला दिलं, तो आमच्या गटातल्या चौघांचा आपापसातला होता. त्यात एकाने लिहिलं होतं, 'अडून बसले तर दोन रुपये सोडू.' उत्तर देताना जुना मजकूर खाली आपोआप चिकटतो आणि जीमेलमध्ये तो तीन टिंबांच्या मागे दडलेला असतो, त्यामुळे पाठवणाऱ्याला दिसत नाही. मिळालेल्याने मात्र टिंबं दाबली की सगळं उघडं. नवा माणूस घालण्याआधी ती टिंबं उघडून तळापर्यंत वाचायचं, हा तेव्हापासूनचा माझा नेम.

आणखी एक गोष्ट अशी की 'रिप्लाय'मध्ये जुन्या मेलची जोडपत्रं पुढे जात नाहीत, 'फॉरवर्ड'मध्ये जातात. वजनाची यादी त्यांच्याकडे पोहोचलीच नव्हती, आणि मी मात्र 'यादी पाहिलीत ना?' असं फोनवर विचारत होतो.

मधेच आलेल्या माणसाचं हे दुखणं सरकारी कचेरीत जुनं आहे, आणि त्यावर तोडगाही जुनाच. फाइलवर नवे साहेब आले की कारकून पत्रांचा गठ्ठा तसाच पुढे सरकवत नाही. टिप्पणी लिहितो: प्रकरण काय, आतापर्यंत काय ठरलं, कोणत्या पानावर काय आहे, आणि आता आदेश कशावर हवा. त्या टिप्पणीची भाषा रुक्ष असेल, पण तिचं शेवटचं वाक्य नेहमी साहेबांनी काय करायचं तेच सांगतं. मेलमध्ये मी ते वाक्य उचलून सर्वांत वर ठेवतो, कारण फोनच्या पडद्यावर पहिल्या चार ओळीच वाचल्या जातात.

मी पाठवायला हवा होता तो मेल असा:

विषय: मढ बाळहिरडा – गुरुवार ५ जून, २३ पोती उचलणे

नमस्कार साहेब,
गाडी आपण पाठवणार आहात म्हणून आपल्याला लिहीत आहे.
आपल्याकडून हवे: गुरुवारी ५ जूनला सकाळी ९ वाजता मढच्या एसटी थांब्यावर २३ पोती मावतील अशी गाडी. गाडीचा नंबर मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवावा.
ठरलेले: एकूण २७ पोती. त्यांतली ४ ओलसर निघाली, ती पुन्हा वाळायला ठेवली आहेत.
राहिलेले: ती ४ पोती केव्हा न्यायची, हे खरेदी विभागाशी आम्ही बोलतो. आपण त्यात काही करायचे नाही.
आधीच्या मेलमध्ये १८ पोती व सोमवार असा उल्लेख आहे, तो रद्द समजावा.
वजनाची यादी सोबत जोडली आहे.

'रद्द समजावा' ही ओळ मी सुरुवातीला गाळत असे. जुनं सांगून गोंधळ कशाला, असं वाटायचं. पण पुढेमागे कुणीतरी नव्या माणसाला जुना मेल पाठवतंच, आणि मग कुठला आकडा खरा, हे विचारायचं त्यालाही सुचत नाही. 'आपण काही करायचे नाही' हेही तसंच. नव्या माणसाला न सुटलेला प्रश्न दिसला की तो आपलाच समजून हात घालतो, किंवा तो सुटेपर्यंत गाडी थांबवून ठेवतो. गुरुवारी गाडी आली तेव्हा चालकाने पहिला प्रश्न विचारला तो त्या चार ओलसर पोत्यांचाच.

हा मेल मी नवाच सुरू करतो, कारण त्यांचं काम एका फेरीचं आहे आणि भावाची घासाघीस त्यांच्या डोळ्यांखालून जायचं काही कारण नाही. पण ज्याला शेवटपर्यंत सोबत राहायचं आहे, त्याला चालू मेलमध्येच घ्यावं लागतं आणि विषयाची ओळ तशीच ठेवावी लागते. बदलली की जीमेल नवी माळ सुरू करतं. अशा वेळी पहिल्या ओळीत बाकीच्यांना सांगायचं, 'अमुक साहेबांना घेतलं आहे, पुढची उत्तरं याच मेलला द्यावीत.' नाहीतर आमचे एक काका कालच्या मेलला उत्तर देतात, तिथे नवा पत्ता नसतो, आणि पुढचे चार मेल त्याला सोडूनच फिरत राहतात.

पुढच्या आठवड्यात : जोडपत्राचं नाव