ताळेबंदाच्या दोन बाजू आणि एक शिष्यवृत्ती

एखाद्या गृहस्थाने बारा वर्षांपूर्वी गावच्या ग्रंथालयाला पाच लाख रुपये दिले आणि सोबत चार ओळींचं पत्र लिहिलं : ही रक्कम कायम ठेवावी आणि व्याजातून दहावी झालेल्या मुलींना शिष्यवृत्ती द्यावी. आज ते गृहस्थ हयात नाहीत. त्या वेळचे विश्वस्तही बदलले. तरीही दर वर्षी 31 मार्चनंतर एक त्रयस्थ माणूस येतो आणि त्या पत्राप्रमाणे वागलात का, असं संस्थेला विचारतो. मला याचं फार अप्रूप वाटतं.

हा माणूस म्हणजे ऑडिटर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 नुसार त्याला अहवालात ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात. न्यासाचा पैसा उद्दिष्टांबाहेर वापरला गेला का, हा त्यांतलाच एक. अहवालाची प्रत तो विश्वस्तांना देतो, तशीच धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयालाही पाठवतो.

पण पैशाला रंग नसतो. देणगी, वर्गणी, व्याज सगळं बँकेच्या एकाच खात्यात मिसळतं. मग शिष्यवृत्तीचा रुपया ओळखायचा कसा? ताळेबंदाच्या दोन बाजू समोरासमोर ठेवून.

आपलं ग्रंथालय काल्पनिक आहे, पण असं अनेक ठिकाणी घडतं. ताळेबंदाच्या डाव्या बाजूला ‘इतर निर्धारित निधी’ या मथळ्याखाली शिष्यवृत्ती निधी दिसतो. सुरुवातीला 5 लाख, वर्षभरात व्याज 27 हजार जमा, शिष्यवृत्त्या 20 हजार, शिल्लक 5 लाख 7 हजार. बेरीज-वजाबाकी चोख आहे. वरवर पाहणारा इथेच समाधानाने पान उलटेल.

ऑडिटर मात्र व्याजाच्या आकड्यावर थबकतो. ठेवीचा दर 7 टक्के, म्हणजे पाच लाखांवर 35 हजार यायला हवे होते. आठ हजार गेले कुठे? तो उजव्या बाजूकडे वळतो आणि ठेवपावत्या मागवतो. पावती निघते 3 लाखांची. उरलेली 2 लाखांची ठेव सप्टेंबरअखेर मोडली होती. मुदतीआधी मोडल्यामुळे तिच्यावर व्याजही कमी मिळालं. बचत खातं आणि हातची रोकड मिळून 1 लाख 32 हजार. म्हणजे संस्थेजवळचा झाडून सगळा पैसा 4 लाख 32 हजार आणि एकट्या शिष्यवृत्ती निधीचं देणं 5 लाख 7 हजार. 75 हजारांचं खिंडार! शिवाय बचत खात्यातले 40 हजार ही वाचकांची परत करायची अनामत आहे. ती बाजूला काढली की तूट 1 लाख 15 हजारांवर जाते.

निधी कागदावर पूर्ण शाबूत आणि प्रत्यक्षात अर्धवट, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. ताळेबंद तरीही जुळतो, कारण तो पैसा दुसऱ्या एखाद्या मालमत्तेचं रूप घेऊन उजव्या बाजूलाच बसलेला असतो.

इथे ते रूप छपराचं होतं. पावसात पुस्तकं भिजत होती, म्हणून विश्वस्तांनी ठेव मोडून पत्रे बदलले. कोणी एक पैसाही खाल्लेला नाही. न्यासपत्र उघडलं तर ‘ग्रंथालय चालवणे व इमारतीची निगा राखणे’ हे उद्दिष्टही त्यात आहे. मग चुकलं कुठे? न्यासपत्र सांगतं की संस्था काय काय करू शकते. देणगीदाराचं पत्र सांगतं की हा ठरावीक पैसा कशाला लावायचा. खर्चाला दोन्ही कसोट्या लागतात. छप्पर पहिलीला उतरलं, दुसरीला नाही. पत्र फाइलमध्ये सापडलं नसतं, तर ऑडिटरलाही हे कळणं कठीण होतं. म्हणून देणगीची पावती आणि तिच्यासोबतचं पत्र एकत्र जपायला मी फार महत्त्व देतो.

विश्वस्तांनी ठराव केला होता, पण ठरावाने देणगीदाराची अट बदलत नाही. न्यासाचं मूळ उद्दिष्टच पार पाडणं अशक्य झालं, तर कायद्याच्या कलम 55 मध्ये न्यायालयाकडे निर्देश मागायची वाट आहे. इथे तसं काहीच नव्हतं. शिष्यवृत्ती हवी असणाऱ्या मुली गावात होत्याच. छपराच्या खर्चातून अहवालातला आणखी एक प्रश्न उभा राहतो : पाच हजारांवरच्या दुरुस्तीसाठी निविदा मागवल्या होत्या का?

या पद्धतीला मर्यादाही आहे. जी रोख देणगी पावती न फाडताच घेतली, तिचा वहीत मागमूस नसतो. म्हणून ऑडिटर छापलेल्या पावतीपुस्तकांची नोंदवही मागतो, क्रमांक सलग आहेत का बघतो, रद्द पावतीच्या दोन्ही प्रती जागेवर आहेत का तपासतो. एखादं आख्खं पुस्तक गहाळ असेल, तर चुकीच्या नोंदीपेक्षा ते कितीतरी गंभीर.

आपल्या ग्रंथालयाला आता छपरासाठी वेगळी देणगी गोळा करून 2 लाखांची ठेव पुन्हा शिष्यवृत्तीच्या नावाने करावी लागेल आणि बुडालेलं व्याजही निधीत भरावं लागेल. ते झालं की नाही, हे पुढच्या वर्षी तपासलं जाईलच. मागच्या अहवालातल्या त्रुटी दूर केल्या का, हाही ऑडिटरच्या ठरलेल्या प्रश्नांपैकी एक आहे.