एका फुटात चोवीस भोकं

नव्या घराच्या हॉलचा थ्रीडी व्ह्यू एका मैत्रिणीने मला दाखवला. खिडकी, पडदे, सोफा सगळं फोटोसारखं हुबेहूब होतं. फक्त कोपऱ्यातली वेताची खुर्ची बघून तिची सासू म्हणाली, “ही बाहुलीची का गं?” खुर्चीचं माप तर बरोबर होतं, १८ इंची बैठक. चुकलं होतं तिच्यावरचं विणकाम.

वेताच्या खुर्चीची जाळी आपण लहानपणापासून पाहिलेली असते. दोन पट्ट्या उभ्या, दोन आडव्या आणि दोन तिरप्या अशा सहा फेऱ्यांत ती विणतात, म्हणून तिची भोकं अष्टकोनी दिसतात. सर्रास मिळणाऱ्या जाळीत एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अर्धा इंच अंतर असतं आणि वेताची पट्टी साधारण अडीच मिलिमीटर रुंद असते. म्हणजे एका फुटात २४ भोकं आणि १८ इंची बैठकीत ३६. हे आकडे आपल्याला पाठ नसतात, पण डोळ्यांना ठाऊक असतात.

आता त्या व्ह्यूमध्ये काय झालं ते पाहू. कॉम्प्युटरवर खुर्चीचा आधी नुसता आकार तयार होतो आणि त्यावर जाळीचा फोटो चिकटवतात. तो फोटो म्हणजे टेक्श्चर. त्यात एका ओळीत २० भोकं असतील, तर खऱ्या जगात त्याची रुंदी १० इंच होते. ही रुंदी सॉफ्टवेअरला सांगावी लागते. ती न सांगता फोटो ४० इंचांवर, म्हणजे साधारण एक मीटरवर, ताणलेला राहिला की प्रत्येक भोक दोन इंचांवर जातं. १८ इंची बैठकीत मग नऊच भोकं मावतात. डोळा भोक अर्ध्या इंचाचंच धरून चालतो आणि नऊ भोकांची बैठक त्याला साडेचार इंचांची वाटते. सासूबाईंचा हिशेब चुकला नव्हता.

ही चूक कधीकधी मुद्दामही होते, कारण बरोबर मापाची जाळी लांबून नीट दिसत नाही. समजा, खुर्ची जिथे आहे तिथे चित्राच्या चौकटीत १६ फुटांची रुंदी मावते आणि चित्र १९२० पिक्सेलचं आहे. तेव्हा एका इंचाच्या वाट्याला १० पिक्सेल येतात. भोकामागे पाच आणि वेताच्या पट्टीला जेमतेम एक. अशाने जाळी पुसट होते, नाहीतर तिच्यावर खऱ्या खुर्चीत नसलेल्या लाटा उमटतात. मग वीण ‘दिसावी’ म्हणून मोठी करतात. खरा उपाय म्हणजे चित्र ३८४० पिक्सेलचं काढणं. पट्टीला दोन पिक्सेल मिळतात आणि वीण सावरते. तरीही लांबची जाळी थोडी पुसटच हवी. खऱ्या हॉलमध्येही ती तशीच दिसते.

दुसरी खूण सावलीची. नुसता फोटो चिकटवला तर भोकं रंगवलेली राहतात, त्यांतून प्रकाश जात नाही. कुठे वेत आणि कुठे मोकळं हे सांगणारं वेगळं काळं-पांढरं चित्र जोडावं लागतं. ते जोडलं असेल तर खिडकीतल्या उन्हात फरशीवर ठिपक्यांची सावली पडते, नाहीतर फळी ठेवल्यासारखी सलग.

तागाच्या गालिच्यात मापाइतकीच दिशाही बघावी लागते. गोल गालिचा तागाची वेणी मधोमधून गुंडाळत नेऊन शिवलेला असतो. त्यावर सरळ विणीचा फोटो टाकला, तर वेणी कडेला येऊन कापल्यासारखी तुटते आणि गालिचा गोणपाट गोल कातरल्यासारखा दिसतो. वेणी कडेशी समांतर वळायला हवी. तागाचा एकच जाड धागा ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा दिसला, तर लहान फोटो फरशीसारखा जोडत नेला आहे असं समजा.

लोखंडाला वीण नसते, तिथे माप सळईच्या जाडीत असतं. ‘रॉट आयर्न’ म्हणून आज आपल्याकडे विकलं जाणारं सामान बहुतेक साध्या माइल्ड स्टीलचं, वाकवून, वेल्डिंग करून काळं रंगवलेलं असतं. फॅब्रिकेटर ज्याला चार सुती म्हणतो तो बार अर्ध्या इंचाचा, म्हणजे वेताच्या एका घराएवढा. वेताची बैठक लोखंडी चौकटीत असेल, तर दोन्ही मापं एकमेकांची साक्ष देतात. शिवाय वरचा थर रंगाचा असल्यामुळे Metallic हा आकडा शून्य हवा. तो एकवर ठेवला की काळी चौकट बंदुकीच्या नळीसारखी चमकते.

डिझायनरने व्ह्यू पाठवला की सोफ्याच्या रंगावर बोलण्याआधी खुर्ची मोठी करून बैठकीतली भोकं मोजा. १८ इंचांत छत्तिसाच्या आसपास आली नाहीत, तर जाळी खरंच मोठ्या विणीची घेणार आहात का ते विचारा. तसं नसेल, तर व्ह्यू परत पाठवा.