वर्गात फिटनेस बँड : अर्जात काय लिहावे?

‘मुलीला वर्गात फिटनेस बँड घालू द्यावा’ असा अर्ज हातात पडला की मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न असतो : शाळेच्या वेळेतच कशाला? पावले मोजायची असतील, झोपेची नोंद ठेवायची असेल, तर ते घरीही होते. या प्रश्नाचे उत्तर नसलेला अर्ज तिथेच अडतो.

उदाहरणादाखल नववीतली एक मुलगी घेऊ. बसल्या जागी तिची छाती अचानक धडधडू लागते आणि दहा मिनिटांत थांबते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे पूर्ववत. ईसीजीत काहीच दिसत नाही. चोवीस तास यंत्र लावून हॉल्टर तपासणी केली, तर नेमकी त्या दिवशी धडधड झाली नाही. अशा वेळी धडधडीच्या क्षणी ठोके किती होते, एवढे कळले तरी डॉक्टरांना पुढची तपासणी ठरवता येते. शांत बसलेल्या मुलीचे ठोके एकाएकी १८०च्या पुढे गेले, तर साध्या घाबरण्यापलीकडचे कारण शोधावे लागते. बँडवरून निदान होत नाही. पट्टा सैल असला किंवा हात हलत असला, तर आकडा चुकतोही. म्हणून सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच.

मुख्याध्यापकांची दुसरी काळजी असते मेसेज, फोटो आणि कॉपीची. त्यामुळे कॅमेरा आणि सिमकार्ड नसलेला साधा बँड निवडावा. असे बहुतेक बँड काही दिवसांची नोंद स्वतःतच साठवतात आणि घरी आल्यावर ती मोबाइलवर उतरवता येते. म्हणजे मोबाइल शाळेत आणायची गरज उरत नाही. हे अर्जात स्पष्ट लिहावे :

‘मा. मुख्याध्यापिका यांस, स. न. वि. वि.

विषय : वर्गात फिटनेस बँड वापरण्याची परवानगी मिळणेबाबत.

माझी मुलगी इयत्ता नववी ‘ब’मध्ये शिकते. तिला अधूनमधून धडधड होते. त्या वेळच्या ठोक्यांची नोंद डॉक्टरांनी मागितली आहे. चिठ्ठी सोबत जोडली आहे. बँडला कॅमेरा व सिम नाही. मेसेज, आवाज आणि कंपन बंद ठेवले आहे. मोबाइल घरीच राहील. परीक्षेच्या वेळी बँड वर्गशिक्षिकांकडे जमा करू. धडधड वाढली, चक्कर आली किंवा ती बेशुद्ध झाली, तर बँडवरचा आकडा न पाहता तिला लगेच दवाखान्यात न्यावे आणि आम्हाला फोन करावा. बँड हरवल्यास जबाबदारी आमची. तीन महिन्यांसाठी परवानगी द्यावी, ही विनंती.’

यातली मुदत महत्त्वाची. तीन महिन्यांची सवलत देणे शाळेला सोपे जाते. तेवढ्यात पुरेशी नोंद मिळाली का, हे डॉक्टरही सांगू शकतात. परवानगी मिळाली की तिची एक प्रत वर्गशिक्षिकांना आणि एक खेळाच्या शिक्षकांना द्यावी. नाहीतर पहिल्याच तासाला कोणी बँड काढायला लावेल आणि हवी ती नोंद हुकेल.